सदरा चुरगळला की दसरा येतो

‘सामान्याला दरवाजा लावला, तो निवडून आलेला. (४)’

हे वाक्य कुणी भाषणात म्हटले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि विषय तिथेच मिटला असता. पण शेवटच्या कंसातला आकडा सांगतो की हे भाषण नाही, शब्दकोड्यातला क्लू आहे आणि उत्तर चार अक्षरांचे आहे. सामान्य म्हणजे आम. आपण ‘आम जनता’ म्हणतोच. दरवाजा म्हणजे दार. आता ‘लावला’ या क्रियापदाकडे पाहा. ऐकताना वाटते, दरवाजा तोंडावर बंद केला. कोडे मात्र सांगते आहे की एक शब्द दुसऱ्याला लावा, म्हणजे जोडा. ‘आम’ला ‘दार’ लावले की आमदार, आणि तो निवडून आलेलाच असतो.

पहिल्यांदा वाचताना टोमणा ऐकू येतो, दुसऱ्यांदा वाचताना जोडणीची सूचना दिसते, आणि दोन्ही वेळा शब्द तेच असतात. क्रिप्टिक क्रॉसवर्ड नावाच्या खेळातली सगळी गंमत या दोन वाचनांच्या मधल्या जागेत आहे. वृत्तपत्रांतल्या बहुतेक मराठी शब्दकोड्यांत ‘विधानसभेचा सदस्य’ असे लिहिलेले असते. माहीत असेल तर लिहायचे, नसेल तर पुढे जायचे. क्रिप्टिक क्लूमध्ये माहिती फार लागत नाही. वाक्य कुठे तोडायचे, एवढेच ओळखावे लागते.

क्रॉसवर्डचा जन्म अमेरिकेतला. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. ते साधे, शब्दार्थाचे होते. त्याला वळणदार, फसवे रूप दिले इंग्लंडने. एडवर्ड पॉइस मॅदर्स हे कवी आणि अनुवादक 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकासाठी कोडी रचू लागले. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिका’ या संस्कृत काव्याचे इंग्रजी रूप करणारे ते हेच मॅदर्स. कोड्यांसाठी त्यांनी टोपणनाव घेतले टॉर्केमाडा. हा टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमधला छळासाठी कुप्रसिद्ध असलेला धर्मन्यायाधीश. सोडवणाऱ्यांचा छळ करायचा, हे नावातच जाहीर केले होते, आणि त्यांची कोडी खरोखरच तशी अवघड होती.

1939 मध्ये मॅदर्स वारले आणि ती जागा डेरिक मॅकनट या शिक्षकाकडे आली. त्यांनीही एका स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले, झिमेनेस. पण त्यांचा खरा ध्यास छळाचा नव्हता, न्यायाचा होता. 1966 मध्ये त्यांनी क्लूच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. आजही इंग्रजी क्लू नीट आहे की नाही यावर वाद झाला की त्यांचेच नाव निघते. त्यांच्या शिकवणीचा गाभा असा की क्लूमध्ये उत्तराचा अचूक अर्थ असावा, उत्तर अक्षरांतून कसे घडते याची प्रामाणिक सूचना असावी, आणि या दोहोंपलीकडे काहीही नसावे. त्यांच्याआधी 1949 मध्ये आफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी हीच गोष्ट वेगळ्या बाजूने मांडली होती. क्लूचा वरवरचा अर्थ रचणाऱ्याच्या मनात नसला तरी चालेल, पण मनातला अर्थ वाक्यात शब्दशः सापडलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

भारतात हा खेळ इंग्रजीतूनच रुजला. ‘द हिंदू’चे क्रिप्टिक कोडे 1971 मध्ये सुरू झाले तेव्हा ते रचत होते निवृत्त ॲडमिरल रामदास कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

इंग्रजीतला एक जुना नमुना देवनागरीतही समजतो. क्लू म्हणून नुसती अक्षरे दिलेली असतात: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. उत्तर पाच अक्षरी, वॉटर. कारण ही अक्षरे ‘एच टू ओ’ आहेत, म्हणजे एचपासून ओपर्यंत, आणि पाण्याचे रासायनिक सूत्रही उच्चारताना तसेच ऐकू येते. हा क्लू डोक्यात उजेड पाडतो, पण त्याचे भाषांतर करता येत नाही. क्रिप्टिक क्लू भाषेच्या हाडामांसातून येतो, म्हणून मराठीत तो मराठीतूनच घडवावा लागतो. आणि मराठीकडे त्यासाठी सामान भरपूर आहे.

शाळेत शिकलेला सभंग श्लेष आठवावा. शब्द एका ठिकाणी तोडला की एक अर्थ, दुसऱ्या ठिकाणी तोडला की दुसरा. ‘आमदार’चा क्लू म्हणजे सभंग श्लेषच आहे, फक्त तो प्रश्नाच्या रूपात आला आहे. ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ ही उलटसुलट सारखी वाचली जाणारी वाक्ये घरोघरची मुले एकमेकांना सांगतात. वाल्या कोळ्याची गोष्टही इथलीच. ‘मरा, मरा’ म्हणता म्हणता तोंडून ‘राम, राम’ येऊ लागले. अक्षरे उलटली की अर्थ पालटतो, हे मराठी माणसाला लहानपणीच कळलेले असते.

या उदाहरणांत एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. ‘मरा’ उलटे वाचताना आपण म आणि रा असे दोन तुकडे करतो. र आणि काना वेगळे करत नाही. मराठी शब्दकोड्याच्या एका चौकटीतही मात्रेसकट पूर्ण अक्षर बसते. ‘नवरात्र’ लिहायला चार चौकटी लागतात: न, व, रा, त्र. जोडाक्षराला एकच चौकट. म्हणून मराठी क्लूमध्ये फिरवायचे, उलटायचे, लपवायचे ते अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट. र आणि रा ही दोन वेगळी अक्षरे. हा नियम पाळला नाही तर सोडवणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे बरोबर असते.

घडणीच्या तऱ्हा इंग्रजीत बऱ्याच आहेत, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला चार-पाच पुरेत.

सगळ्यांत सोपी तऱ्हा दोन अर्थांची. ‘खंडाळ्यात चढायचा, वाराणसीत उतरायचा. (२)’ उत्तर घाट. ‘देवाला याची भूक, ग्राहकाला याची धास्ती. (२)’ उत्तर भाव. यात अक्षरांची मोडतोड नाही, एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी बसवले आहेत. पण कसे बसवले ते पाहावे. चढणे आणि उतरणे, भूक आणि धास्ती, असा ताण आणला म्हणून वाक्याला धार आली. नुसते ‘डोंगरातला रस्ता, नदीच्या पायऱ्या’ लिहिले असते तर उत्तर तेच आले असते, पण कुणाला हसू आले नसते.

दुसरी तऱ्हा लपवण्याची. ‘नवरात्रात दडलेला कुंकवाचा धनी. (३)’ इथे नवरा अक्षरशः दडलेला आहे, पहिल्या तीन अक्षरांत. यापेक्षा थोडा अवघड क्लू असा: ‘डावीकडे का वळाल, यात लपलाय पिंडाला शिवणारा. (३)’ दोन शब्दांच्या सांध्यावर कावळा बसला आहे: का, व, ळा. लपवलेला शब्द सांध्यावरून गेला की डोळा त्यावरून घसरतो, कारण वाचताना आपण शब्द पाहतो, अक्षरे नाही.

तिसरी तऱ्हा उलटण्याची. ‘लता मागे वळली तरी तबलजी सांभाळतो तो. (२)’ ल, ता ही अक्षरे उलटी केली की ताल. चौथी ढवळण्याची. ‘गरम ढवळले, निघाली खोटी रडणारी. (३)’ ग, र, म ही अक्षरे ढवळली की मगर, आणि मगरीचे अश्रू सगळ्यांना ठाऊक आहेत. या दोन्ही ठिकाणी ‘मागे वळली’ आणि ‘ढवळले’ हे शब्द काम सांगणारे आहेत. त्यांना इशारा म्हणू. इशाऱ्याशिवाय अक्षरे हलवायची नाहीत, ही रचणाऱ्याची सोडवणाऱ्याशी झालेली बोली आहे.

पाचवी तऱ्हा तुकडे जोडण्याची, जी ‘आमदार’मध्ये दिसली. तिच्यासाठी एकाक्षरी तुकड्यांचा साठा लागतो, आणि इथे मराठीला संगीताने मोठी मदत केली आहे. सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात स्वर म्हणजे सात सुटी अक्षरे, आणि प्रत्येकाला षड्ज, ऋषभ, गंधार असे दुसरे नाव आहे. त्यामुळे अक्षर न दाखवता ते सुचवता येते. ‘पातळ आमटीत गंधार पडला, झाले खारट पाणी. (३)’ पातळ आमटी म्हणजे सार. त्यात ग पडला की सागर. क्रियापदांची आज्ञार्थी रूपेही अशीच कामी येतात: जा, ये, घे, दे, खा, गा. शिवाय मी, तू, का, ना आहेत. आणि ‘आ’ तर आहेच, कारण तोंड उघडण्यालाच आपण आ वासणे म्हणतो. त्यावरून हा क्लू: ‘तोंड उघडले, भातावर ओतले, झाकण! (४)’ आ आणि वरण मिळून आवरण. जेवणाच्या ताटावरून सुरू झालेले वाक्य अचानक भांड्यावर झाकण ठेवून संपते.

इंग्रजीत आणखी एक लोकप्रिय तऱ्हा आहे, सारख्या उच्चारांच्या शब्दांची. मराठीत ती जवळजवळ चालत नाही, कारण आपण बोलतो तसेच बरेचसे लिहितो. दिन-दीन, शिर-शीर अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या सोडल्या तर हाती फार लागत नाही. पण उलटी सोय आहे. च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार होतात, म्हणून एकाच लिखाणाचे दोन शब्द सापडतात. ‘थोडेसे म्हातारपण. (२)’ उत्तर जरा. थोडेसे या अर्थी एक उच्चार, वार्धक्य या अर्थी दुसरा, लिखाण एकच. दोनच शब्दांचा हा क्लू वाचताना वाटते की कुणी वयाची पहिली कुरकुर सांगते आहे, आणि प्रत्यक्षात ते दोन स्वतंत्र अर्थ शेजारी उभे असतात.

आता एक क्लू पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवून पाहू. नवशिक्याची पहिली चूक अशी असते की तो आधी मजेदार वाक्य सुचायची वाट पाहतो. तसे होत नाही. आधी उत्तर ठरवायचे, आणि ते तीन-चार अक्षरांचे, शक्यतो जोडाक्षर नसलेले घ्यायचे. समजा उत्तर ठरवले दसरा.

तीन चिठ्ठ्यांवर द, स, रा अशी अक्षरे लिहावीत आणि टेबलावर मांडावीत. पहिल्यांदा तोडून पाहायचे. द आणि सरा? ‘सरा’ला सोयीचा अर्थ नाही. दस आणि रा? ‘दस’ हिंदीतला, आणि ‘रा’ सुचवणार कसा? ही वाट सोडावी. मग उलटून पाहायचे: रासद. इथे मन चटकन म्हणते, अरे, रसद! पण रसदमध्ये र आहे आणि आपल्याकडे रा. एका कान्याचा फरक आहे, म्हणून हेही सोडायचे. हा मोह नवशिक्याला फार वेळा होतो आणि तो चिठ्ठ्यांमुळे टळतो, कारण चिठ्ठीवरचा काना पुसता येत नाही.

राहिले ढवळणे. तीन अक्षरांच्या मांडण्या सहाच होतात: दसरा, दरास, सदरा, सराद, रादस, रासद. यांत एक अर्थपूर्ण शब्द लखकन दिसतो, सदरा. अक्षर न अक्षर जुळते. म्हणजे क्लूची अर्धी बाजू तयार झाली.

आता अर्थाची बाजू. ‘विजयादशमी’ लिहिले तर कोडे राहतच नाही. ‘आश्विनातला सण’ बरोबर आहे पण कोरडे आहे, आणि सदऱ्याशी त्याचे काही नाते नाही. सोडवणाऱ्याला फसवायचे तर अर्थ आणि सदरा एकाच चित्रात बसले पाहिजेत. दसऱ्याला आपण काय करतो? आपट्याची पाने वाटतो, सोने लुटतो. लुटणे म्हटले की झोंबाझोंबी आली, आणि झोंबाझोंबीत सदऱ्याचे काय होणार ते उघड आहे. चित्र जमले.

इशारा निवडताना घाई करू नये. सदरा धुतला? धुतल्याने कापड स्वच्छ होते, अक्षरे हलत नाहीत. फाटला? फाटल्याने तुकडे होतात, पण तुकड्यांचा क्रम बदलल्याचे कळत नाही. उसवला, तेही तसेच. विस्कटला चालेल, चुरगळला त्याहून चांगला, कारण चुरगळण्यात अस्ताव्यस्तपणा आहे आणि सदऱ्याबद्दल बोलताना तोच शब्द आपण वापरतो. इशारा वाक्यात उपरा वाटला की सोडवणारा लगेच ओळखतो. घरचा वाटला की चकतो.

पहिला खर्डा असा होईल: ‘सोने लुटताना सदऱ्याची पार दशा झाली. (३)’ वाचायला छान आहे, आणि सपशेल चुकीचा आहे. पहिला दोष मराठीचा खास आहे. विभक्तीचा प्रत्यय लागला की आपला शब्द बदलतो. सदराचा सदऱ्या झाला आणि रा हे अक्षरच नाहीसे झाले. सोडवणाऱ्याच्या हातात स, द, ऱ्या आहेत. त्यातून दसरा कसा निघणार? म्हणून ज्या शब्दाची अक्षरे वापरायची तो शब्द मूळ रूपातच यायला हवा. ज्याचा फक्त अर्थ वापरायचा आहे त्याला ही अट नाही. ‘सामान्याला दरवाजा लावला’मध्ये ‘सामान्याला’ चालले, कारण तिथून आपण सामान्यची अक्षरे घेतली नाहीत, ‘आम’ हा त्याचा अर्थ घेतला. मराठीत क्लू रचणाऱ्याने एवढा एक भेद हाडात मुरवला तर निम्म्या चुका होतच नाहीत.

दुसरा दोष अर्थाच्या बाजूचा. ‘सोने लुटताना’ म्हणजे दसरा नव्हे. याची परीक्षा सोपी आहे. एखादे साधे वाक्य घ्यावे, जसे ‘उद्या दसरा आहे’, आणि दसऱ्याच्या जागी क्लूमधला अर्थ घालून पाहावा. ‘उद्या सोने लुटताना आहे’ हे बसत नाही. ‘उद्या सोने लुटायचा दिवस आहे’ हे बसते.

दुसरा खर्डा: ‘सोने लुटायच्या दिवशी सदरा नेहमीच चुरगळतो. (३)’ सदरा मूळ रूपात आला, चुरगळतो हा इशाराही आला. पण ‘दिवशी’ परीक्षेत नापास होतो, आणि ‘नेहमीच’ला काही काम नाही. झिमेनेस यांची शिकवण इथे कठोरपणे लावायची. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारायचे, तू अर्थात आहेस, घडणीत आहेस की दोघांना जोडतो आहेस? तिन्ही नसेल तर बाहेर. जास्तीचा शब्द वाचकाला निष्पाप वाटतो, पण सोडवणारा त्यालाही कोड्याचा भाग समजून त्यावर डोके झिजवतो.

तिसरा खर्डा: ‘सदरा चुरगळणारच; सोने लुटायचा दिवस! (३)’

सदरा ही अक्षरे, चुरगळणारच हा इशारा, पुढचे तीन शब्द म्हणजे अर्थ. फालतू काही नाही. आणि वाचताना ऐकू येते ते वेगळेच: गर्दीतून घरी आलेल्या मुलाची बाजू घेणारी आजी.

क्लू जमला की नाही हे रचणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण उत्तर त्याच्या डोळ्यांपुढे असते. तो दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि उत्तर सांगितल्यानंतर त्याचा चेहरा पाहावा लागतो. समोरचा कपाळावर हात मारून हसला, तर क्लू न्याय्य आहे. सगळे समोर होते आणि आपल्यालाच दिसले नाही, हे त्याला पटले आहे. तो ‘हे कसे काय?’ असे विचारू लागला आणि रचणाऱ्याला समजावत बसावे लागले, तर कुठेतरी बोली मोडली आहे. बहुतेक वेळा दोष तीनपैकी एका जागी सापडतो: इशाराच दिलेला नाही, एखादी मात्रा जुळत नाही, किंवा अर्थ फार सैल आहे.

सैल अर्थाबाबत थोडी सवलत असते, आणि ती कधी घ्यावी हे ‘आमदार’वरून कळते. ‘निवडून आलेला’ म्हणजे सरपंच असेल, नगरसेवक असेल, खासदार असेल. खासदार तर चार अक्षरीच आहे आणि शेवटी त्यालाही दारच आहे. तरी क्लू फसत नाही, कारण घडणीत ‘सामान्य’ आहे आणि तो खासदाराला आत येऊ देत नाही. अर्थ आणि घडण अशा दोन वाटा दिलेल्या असतात त्या याचसाठी. एका वाटेने अंदाज करायचा, दुसऱ्या वाटेने खात्री करायची. दोन्ही वाटा सैल ठेवल्या तर उत्तर एक राहत नाही.

सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत सुंदर क्लू तो, ज्यात या दोन वाटा वेगळ्या राहतच नाहीत. सगळे वाक्य घडणही सांगते आणि अर्थही. असे शब्द भाषेत क्वचित सापडतात. मराठीत एक सापडतो. ‘कशाला युद्ध? हे आधी सांगा! (३)’ कशाला म्हणजे का, युद्ध म्हणजे रण, आणि ‘कशाला युद्ध?’ असे कुणी विचारले तर सांगायचे असते ते कारण. रचणाऱ्याने इथे फारसे काही केलेले नाही. भाषेने ते आधीच करून ठेवले होते.

एकेक क्लू जमू लागला की पूर्ण कोडे रचावेसे वाटते. तिथे मात्र मराठी हात आखडते. इंग्रजीत उभे आणि आडवे शब्द एकमेकांना छेदतात तेव्हा जुळवायला सव्वीसच अक्षरे असतात. मराठीत चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली तर चारशेहून अधिक अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे वेगळीच. दोन शब्दांत तेच अक्षर त्याच मात्रेसकट मिळायला हवे, म्हणून जाळी विणणे फार जिकिरीचे होते. सुरुवातीला जाळीच्या मागे लागू नये. सुटे क्लूच करावेत: लग्नपत्रिकेत वधू-वरांच्या नावावर, वाढदिवसाच्या चिठ्ठीत, सहलीच्या बसमध्ये. नावे तर क्लूसाठी हाताशीच असतात. माधव म्हणजे मा आणि धव, म्हणजे आई आणि नवरा; वनिता म्हणजे वनि आणि ता नव्हे, पण पहिली दोन अक्षरे कशी सुचवता येतील हे ज्याचे त्याने शोधावे.

वाचकांसाठी तीन क्लू, सगळे वर सांगितलेल्या तऱ्हांचे. ‘निषादापाठोपाठ गोडी, तरी कंटाळवाणे. (३)’ ‘विशेष दरवाजा, दिल्लीला गेलेला. (४)’ आणि कोकणातल्या वाचकांना आधी सुटेल असा तिसरा: ‘कपाट विस्कटले, मासा निघाला! (३)’

उत्तरे: नीरस, खासदार, पाकट.